अभिलेखांच्या फोल्डरची चेकसम यादी आणि तिची दरवर्षीची पडताळणी : कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२२

वेंगुर्ले परिसरातील आमच्या वाचनालयाने गेल्या काही वर्षांत गावोगावच्या जुन्या कागदपत्रांचे स्कॅन जमवले आहेत. त्यांत व्यापाऱ्यांच्या मोडी लिपीतील खतावण्या आहेत, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, दशावतारी खेळांची छायाचित्रे आहेत आणि पाडल्या गेलेल्या कौलारू घरांचे फोटोही आहेत. हे सारे सुमारे ३४० जीबी भरते. बरेचसे मूळ कागद वाळवीने आणि ओलाव्याने इतके जीर्ण झाले आहेत की ते पुन्हा स्कॅन करता येतील असे गृहीत धरता येत नाही.

फोल्डरच्या तीन प्रती आहेत. मुख्य डिस्क वाचनालयाच्या कपाटात आहे, दुसरी कार्यवाहांच्या घरी आहे आणि तिसरी घाटावर, कोल्हापूरच्या एका सदस्याकडे आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पुराने जे केले ते पाहिल्यानंतर तिन्ही प्रती किनाऱ्यावर ठेवायच्या नाहीत, असे आमचे ठरले. प्रती तीन असल्या, तरी त्या एकमेकींशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर त्यांतली खरी कोणती, हे सांगणारे आमच्याकडे काहीच नव्हते. डिस्क हरवली किंवा बंद पडली तर ते लगेच लक्षात येते. पण फाइलचे नाव, आकार आणि तारीख जशीच्या तशी राहून आतला एखादा बाइट बदलला, तर तो बदल पुढच्या प्रत्येक प्रतीत निमूटपणे उतरत जातो. हे काम त्यासाठीच हाती घेतले आहे.

पडताळणी दरवर्षी ऑक्टोबरात करायचे ठरवले आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि डिस्कवर काही चालू असताना वीज जाणे हेच बिघाडाचे एक कारण असते. शिवाय चार महिन्यांच्या दमट हवेनंतर डिस्कची अवस्था काय आहे हे तेव्हाच पाहणे योग्य ठरते.

९ ऑक्टोबर २०२२

यादी तयार केली. चेकसम म्हणजे फाइलमधील सर्व बाइट वाचून काढलेली एक ठरावीक लांबीची खूण. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती खूण पूर्ण बदलते. आम्ही एसएचए-२५६ ही पद्धत घेतली; तिची खूण ६४ अक्षरांची असते. केवळ अपघाती बिघाड पकडायचा असेल तर जुनी एमडी५ पद्धतही पुरेशी आहे. परंतु मुद्दाम केलेला बदल तिच्या नजरेतून सुटू शकतो, आणि वेळ मुख्यतः डिस्क वाचण्यातच जात असल्यामुळे तिने वेगाचा फारसा फायदाही होत नाही.

लिनक्स लॅपटॉपवर मुख्य डिस्क जोडून हे चालवले:

```
cd /media/abhilekh
find . -type f -print0 | LC_ALL=C sort -z \
  | xargs -0 sha256sum > ~/yadi-2022.sha256
```

यातल्या तीन गोष्टी जाणूनबुजून तशा ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे `cd` करून आत जाणे आणि `find .` म्हणणे, म्हणजे यादीतील प्रत्येक नाव फोल्डरच्या आतूनच सुरू होते. पुढच्या वर्षी डिस्क दुसऱ्या नावाने जोडली गेली तरी यादी चालते. दुसरी म्हणजे `-print0` आणि `-0`, कारण आमच्या फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा आहेत आणि त्यांच्याशिवाय एका नावाची दोन-तीन नावे झाली असती. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे यादी त्याच फोल्डरमध्ये न ठेवणे. पहिल्या चाचणीत यादी आतच लिहिली होती, त्यामुळे अर्धवट लिहिली जात असलेल्या यादीची खूणही यादीत शिरली. अशी यादी पडताळताना स्वतःच्याच नावापुढे कायम `FAILED` दाखवत राहते, आणि कायम दिसणारा `FAILED` माणूस पुढे वाचणे सोडून देतो.

वेळ सुमारे तासाभराचा लागला. त्याआधी तीच डिस्क लॅपटॉपच्या जुन्या, यूएसबी २ जोडणीत लावली होती आणि काम तीन तासांपुढे जाईल असे दिसत होते. यूएसबी ३ च्या जोडणीत लावल्यावर वेग सेकंदाला शंभर एमबीच्या घरात गेला.

१५ ऑक्टोबर २०२२

यादीला दोन जोड दिल्या. एक म्हणजे प्रत्येक फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ नोंदणारी दुसरी यादी:

```
find . -type f \
  -printf '%s\t%TY-%Tm-%Td %TH:%TM\t%p\n' > ~/vel-2022.txt
```

हिचा उपयोग बिघाडाचा अर्थ लावताना होतो. खूण बदलली आणि वेळही बदललेली असेल, तर कोणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल लिहिली आहे. खूण बदलली पण वेळ आणि आकार जसेच्या तसे असतील, तर फाइल कोणीही न उघडता तिच्यात बदल झाला आहे. `sha256sum` हा फरक सांगत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही `FAILED` च.

दुसरी जोड कागदावरची आहे. यादीची फाइलही डिस्कवरच राहणार, म्हणजे तीही बिघडू शकते. म्हणून `yadi-2022.sha256` या फाइलची स्वतःची ६४ अक्षरी खूण काढून ती वाचनालयाच्या नोंदवहीत, चार-चार अक्षरांचे गट पाडून, शाईने लिहिली. ग्रंथपाल बाईंनी ती पडद्यावरून वाचून दाखवली आणि मी लिहिली; मग उलट मी वाचली आणि त्यांनी तपासली. यादी प्रत्येक डिस्कसोबतही दिली आहे.

डिस्क आता झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत. डबे आणि पुड्या यांना मिळून चारशे रुपयांच्या आत खर्च आला.

१४ ऑक्टोबर २०२३

पहिली वार्षिक पडताळणी. आधी यादीची खूण काढून नोंदवहीतल्या खुणेशी ताडून पाहिली, मग मुख्य डिस्कवर हे चालवले:

```
sha256sum -c --quiet ~/yadi-2022.sha256 2>&1 | tee ~/nond-2023.txt
```

`--quiet` मुळे बरोबर निघालेल्या फाइलींच्या ओळी दिसत नाहीत, फक्त चुकलेल्या दिसतात. मुख्य डिस्कवर दशावताराच्या फोटोंपैकी काही `FAILED` निघाले. फाइलींच्या आताच्या वेळा वेळेच्या यादीशी ताडून पाहताच कारण कळले. त्या सर्वांची वेळ मार्च २०२३ मधील एकाच दुपारची होती. प्रदर्शनासाठी फोटो निवडताना कोणीतरी आडवे फोटो उभे केले होते आणि फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅमने ते फिरवून मूळ फाइलवरच लिहिले होते. दुसऱ्या प्रतीतून मूळ फाइली परत आणल्या. यापुढे मुख्य डिस्क केवळ वाचनासाठीच, म्हणजे `mount -o ro` ने जोडायची आणि प्रदर्शनासाठी फोटोंची वेगळी प्रत द्यायची, असे ठरले.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. `-c` फक्त यादीत असलेल्या नावांचा विचार करतो. फोल्डरमध्ये नव्याने आलेली, यादीत नसलेली फाइल त्याला दिसतच नाही. त्यासाठी तेव्हाची नावे आणि आताची नावे समोरासमोर ठेवावी लागतात:

```
cut -c67- ~/yadi-2022.sha256 | LC_ALL=C sort > ~/tevha.txt
find . -type f | LC_ALL=C sort > ~/aata.txt
LC_ALL=C comm -3 ~/tevha.txt ~/aata.txt
```

६४ अक्षरांची खूण आणि त्यापुढच्या दोन मोकळ्या जागा सोडून ६७व्या अक्षरापासून नाव सुरू होते, म्हणून `-c67-`.

२१ ऑक्टोबर २०२३

कोल्हापूरची प्रत तपासायला घेतली आणि अनपेक्षित गोष्ट समोर आली. तेथील सदस्यांनी प्रत त्यांच्या जुन्या मॅक संगणकावर ठेवली होती. पडताळणीसाठी त्यांनी एकेका फोल्डरची झिप फाइल करून डिस्कवर पाठवली. आम्ही ती लिनक्सवर उघडली, तेव्हा शेकडो फाइलींपुढे `No such file or directory` आणि `FAILED open or read` असे आले. फोल्डर उघडून पाहिले तर त्या फाइली जागेवर होत्या. `व्यापाऱ्यांच्या-खतावण्या` हे फोल्डर डोळ्यांसमोर दिसत होते आणि संगणक ते नाही म्हणत होता.

बराच वेळ झिप अर्धवट उघडली असावी या संशयात गेला, म्हणून ती पुन्हा उघडली, आणि त्यात जवळजवळ एक दिवस वाया गेला. शेवटी लक्षात आले की सापडत नसलेल्या प्रत्येक नावात ‘ऱ’ आहे आणि ‘ऱ’ नसलेली नावे बिनचूक सापडत आहेत. नावाचे बाइट `od -An -tx1` ने काढून पाहिल्यावर उलगडा झाला. आमच्या यादीत ‘ऱ’ एकच अक्षर म्हणून, `e0 a4 b1` असा लिहिलेला होता. कोल्हापूरहून आलेल्या नावांत तो ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन भागांत, `e0 a4 b0 e0 a4 bc` असा लिहिलेला होता. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही रूपे समान मानली जातात, पण लिनक्सला नाव म्हणजे केवळ बाइटांची मालिका असल्यामुळे त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या रचनेत फाइलचे नाव साठवतानाच अशी अक्षरे फोडली जातात, आणि तेथे केलेल्या झिपमध्ये ती फोडलेलीच येतात.

हा प्रश्न मराठी नावे ठेवणाऱ्या प्रत्येकाला येऊ शकतो, कारण किनाऱ्यावर, व्यापाऱ्याची, सोयऱ्यांची अशी रूपे आपल्याकडे पदोपदी येतात. फाइलींच्या आतील मजकुराला मात्र त्यात काहीही झालेले नसते.

२२ ऑक्टोबर २०२३

`convmv` ने नावे जोडीव रूपात आणली:

```
convmv -r -f utf8 -t utf8 --nfc .
convmv -r -f utf8 -t utf8 --nfc --notest .
```

पहिली ओळ काय बदलेल ते फक्त दाखवते, दुसरी प्रत्यक्ष बदलते. त्यानंतर पडताळणी पुन्हा चालवली आणि सर्व खुणा जुळल्या. `comm` मध्ये तेवढी `.DS_Store` आणि `__MACOSX` ही मॅकने घातलेली अधिकची नावे राहिली, ती काढून टाकली.

काही जुन्या फाइलींत मात्र हेच अक्षर ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिसऱ्या पद्धतीने टंकलेले आहे. ते रूप युनिकोडच्या दृष्टीने समान नाही आणि `convmv` त्याला हात लावत नाही. ती नावे यादीत जशी आहेत तशीच राहू दिली, कारण नाव सुधारण्याच्या भरात यादी आणि तीन प्रती यांचा मेळ तुटला तर सगळेच अवघड होऊन बसले असते. यापुढच्या नव्या फोल्डरांची नावे रोमन अक्षरांत ठेवायची आणि मराठी शीर्षक सूचीत लिहायचे, असा निर्णय झाला. मराठी वाचनालयात हे मनाला लागते, पण अभिलेखाच्या बाबतीत मला तेच सुरक्षित वाटते.

१६ डिसेंबर २०२३

कार्यवाहांच्या घरच्या डिस्कच्या जोडणीच्या टोकावर हिरवट थर चढला होता आणि ती मध्येच तुटत होती. त्यांचे घर खाडीला लागून आहे. नवी दोन टीबीची डिस्क साडेपाच हजार रुपयांना घेतली आणि वाचनालयाच्या डेस्कटॉपवर, जो लिनक्सवरच चालतो, मुख्य डिस्कवरून `cp -a` ने सर्व प्रत काढली. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळले. संध्याकाळी वीज जाण्याआधी काम उरकायचे होते, म्हणून खुणांची पडताळणी ऑक्टोबरच्या फेरीवर सोडली.

१२ ऑक्टोबर २०२४

दुसरी वार्षिक पडताळणी. मुख्य डिस्क निर्दोष निघाली आणि कोल्हापूरची प्रतही. कार्यवाहांच्या नव्या डिस्कवर मात्र तीन फाइली `FAILED` निघाल्या. त्यांतल्या दोन खतावण्यांच्या पानांच्या मोठ्या टिफ फाइली होत्या आणि एक घराचा जेपीईजी फोटो. तिन्हींचे आकार आणि वेळा २०२२ च्या यादीप्रमाणेच होत्या. म्हणजे कोणीही त्या लिहिलेल्या नव्हत्या. ज्यासाठी ही सारी खटपट होती, ती गोष्ट पहिल्यांदा समोर आली होती.

लगेच चांगली प्रत वरून टाकली असती तर तीन फाइली दुरुस्त झाल्या असत्या, पण कारण मात्र हातचे गेले असते. म्हणून बिघडलेल्या तिन्ही फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

पहिला प्रश्न असा की चूक डिस्कवर आहे की ती वाचणाऱ्या लॅपटॉपमध्ये. त्याच संगणकावर पुन्हा लगेच तपासण्यात अर्थ नसतो, कारण नुकतीच वाचलेली फाइल स्मृतीतच असते आणि संगणक डिस्कपर्यंत जातच नाही. डिस्क काढून एका सदस्याच्या संगणकाला लावली. तेथेही त्याच तीन फाइली चुकल्या आणि त्यांच्या चुकीच्या खुणाही अक्षरशः त्याच आल्या. दोन वेगळे संगणक एकच चुकीची खूण देतात, तेव्हा चूक डिस्कवर लिहिली गेलेलीच असते. उलट, प्रत्येक वाचनात खूण वेगळी आली असती तर संशय केबल, जोडणी किंवा वाचणारा संगणक यांच्यावर गेला असता.

१३ ऑक्टोबर २०२४

मुख्य डिस्कवरील चांगली फाइल आणि बिघडलेली फाइल `cmp -l` ने ताडून पाहिल्या. ही आज्ञा वेगळ्या असलेल्या प्रत्येक बाइटचे स्थान नेहमीच्या दशमान पद्धतीत आणि दोन्हीकडचे मूल्य अष्टमान पद्धतीत देते. तिन्ही फाइलींत प्रत्येकी केवळ एकच ओळ आली:

```
20973197 164 144
 3323533 371 351
49182349  77  57
```

पहिला आकडा स्थान, दुसरा चांगल्या फाइलमधील मूल्य, तिसरा बिघडलेल्या फाइलमधील. मूल्यांकडे पाहिले तर प्रत्येक ओळीत दशकाच्या जागचा आकडा दोनने कमी झालेला आहे: ६ चा ४, ७ चा ५, ७ चा ५. अष्टमान २० म्हणजे आपले १६, आणि १६ म्हणजे बाइटमधील एकच बिट. तीनही वेळा तोच बिट १ चा ० झाला होता.

डिस्क बिघडली की असे सहसा होत नाही. डिस्क प्रत्येक खंडासोबत स्वतःची तपासणी-माहिती ठेवते. ती जुळली नाही तर चुकीचा बाइट देण्याऐवजी वाचण्यास नकार देते, आणि मग आपल्याला `Input/output error` दिसतो. लिहिताना वीज गेली तर ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या पटीत सलग शून्ये किंवा दुसऱ्याच फाइलचा तुकडा सापडतो. यूएसबीच्या केबलवरून जाणाऱ्या माहितीलाही तपासणी असते. वाटेत ज्या ठिकाणी अशी कोणतीही तपासणी नसते, ते म्हणजे साध्या संगणकाची रॅम. एकाच बिटाची चूक तिकडेच बोट दाखवत होती.

याची खात्री स्थानांच्या आकड्यांवरून करता येते. लिनक्स फाइल वाचताना तिचे ४०९६ बाइटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा रॅममधील तेवढ्याच आकाराच्या पानावर ठेवतो, आणि ही पाने रॅममध्येही ४०९६ च्या पटीवरच सुरू होतात. म्हणून रॅममधील एक ठरावीक जागा खराब असेल, तर तेथे कोणतीही फाइल आली तरी नुकसान तुकड्याच्या सुरुवातीपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर होणार. `cmp` एकपासून मोजतो, म्हणून एक वजा करून ४०९६ ने भागले आणि बाकी पाहिली:

```
for n in 20973197 3323533 49182349; do
  echo $(( (n - 1) % 4096 ))
done
```

तिन्ही वेळा बाकी १६७६ आली. तीन वेगळ्या फाइली, तीन वेगळी स्थाने, आणि बाकी एकच. हा योगायोग असू शकत नाही. प्रत काढली होती वाचनालयाच्या डेस्कटॉपवर, म्हणून दोष त्याच्याच रॅममध्ये असणार.

नुकसानीचे स्वरूपही नोंदवून ठेवतो. टिफ फाइली दाबून लहान न केलेल्या असल्याने त्यांत एका ठिपक्याची एक रंगछटा २५५ पैकी १६ ने उतरली होती. ती शोधूनही डोळ्यांना दिसली नाही. जेपीईजी फोटोत मात्र त्याच एका बिटानंतरचा सारा भाग सरकून रंगांचे पट्टे झाले होते, कारण तेथे प्रत्येक बिटाचा अर्थ आधीच्या बिटांवर अवलंबून असतो. दहा महिने तो फोटो त्या डिस्कवर कोणी उघडला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२४

डेस्कटॉपवर `Memtest86+` रात्रभर चालवले. पहिल्या फेरीत काहीही दोष दिसला नाही आणि तेथेच थांबलो असतो तर रॅम निर्दोष ठरली असती. संगणक तापल्यावर नंतरच्या फेऱ्यांत दोष दिसू लागला, आणि त्याच्या पत्त्याचे शेवटचे तीन अंक दर वेळी `688` होते. १६७६ हा आकडा षोडशमान पद्धतीत `68c` होतो. चाचणी आठ-आठ बाइट एकत्र तपासते, आणि `688` पासूनच्या आठ बाइटांत `68c` येतो. फाइलींनी सांगितलेली जागा आणि चाचणीने सांगितलेली जागा एकच निघाली.

जागा कायमची बंद पडली असती तर ३४० जीबीच्या प्रतीत तीनच नव्हे, पुष्कळ अधिक फाइली बिघडल्या असत्या, कारण एवढ्या वाहतुकीत रॅमचे प्रत्येक पान अनेकदा वापरले जाते. ती जागा उष्णतेत अधूनमधून विद्युतभार गमावणारी, कमकुवत झालेली असावी. बंद खोलीतला तो डेस्कटॉप दिवसभराच्या कामानंतर चांगलाच तापलेला असतो.

रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दोषी पट्टी कळली. नवी पट्टी कुडाळहून दीड हजार रुपयांना आणली.

१९ ऑक्टोबर २०२४

तिन्ही फाइली मुख्य डिस्कवरून लॅपटॉपच्या साहाय्याने पुन्हा घातल्या. त्यानंतर डिस्क बाहेर काढली, केबल सोडवली, पुन्हा जोडली आणि मगच पडताळणी केली, जेणेकरून खुणा स्मृतीतून नव्हे तर डिस्कवरून काढल्या जातील. यापुढे कोणतीही नवी प्रत काढली की त्याच दिवशी, याच पद्धतीने पूर्ण यादी चालवायची; तासाभराचे काम आहे. वीज जाण्याची भीती असेल तर प्रतच दुसऱ्या दिवशी काढायची.

२६ ऑक्टोबर २०२४

सर्वांत कठीण प्रश्न मागे राहिला होता. ती रॅम केव्हापासून कमकुवत होती ते कळण्याला मार्ग नाही, पण डिसेंबर २०२३ मध्ये ती नक्की तशी होती. त्यानंतरचे सारे नवे स्कॅन याच डेस्कटॉपवरून फोल्डरमध्ये आले आणि मगच यादीत गेले. यादी फाइलची साक्ष यादी केल्या क्षणापासून देते, त्याआधीची देऊ शकत नाही. यादीत येण्यापूर्वीच बिट बदलला असेल, तर बिघडलेल्या फाइलचीच खूण यादीत गेली असणार आणि ती दरवर्षी बरोबरच निघत राहणार.

कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या बाबतीत मार्ग निघाला. कॅमेऱ्याची कार्डे अजून पुसलेली नव्हती. ती लॅपटॉपला जोडून त्यांवरच्या फोटोंच्या खुणा काढल्या आणि २०२४ च्या फोल्डरमधील खुणांशी ताडून पाहिल्या. एक फोटो जुळला नाही. `cmp -l` ने एकच ओळ दिली, आणि बाकी पुन्हा १६७६ आली. तो फोटो कार्डावरून घेतला आणि यादीतील त्याची ओळ बदलून, बदलाचे कारण नोंदवहीत लिहिले. यापुढे त्या वर्षीची यादी तीन प्रतींवर जुळल्याशिवाय कोणतेही कार्ड पुसायचे नाही.

सपाट स्कॅनरवर काढलेली पाने मात्र थेट डेस्कटॉपवरच जन्मली आहेत आणि त्यांना ताडून पाहायला दुसरी प्रत नाही. त्यांतील जेपीईजी फाइली `djpeg` ने उलगडून पाहिल्या; त्यांत तक्रार आली नाही, पण प्रत्येक बिघाडावर तो तक्रार करतोच असे नाही. टिफ फाइलींतील एका ठिपक्याचा फरक तर कोणत्याही चाचणीत सापडणार नाही. त्या फाइलींची नावे `yadi-2024-sanshayit.sha256` अशा वेगळ्या यादीत ठेवली आहेत. मुख्य यादीत त्या राहतीलच, पण स्रोतापाशी पडताळलेल्या नाहीत हे नोंदवहीत लिहिलेले आहे. यांतील देवस्थानाच्या दोन जमाखर्च वह्यांचे कागद अजून चांगल्या स्थितीत आहेत. त्या मालकांकडून दिवाळीनंतर पुन्हा मागवून नवी रॅम बसवलेल्या डेस्कटॉपवर स्कॅन करायच्या आहेत, आणि त्या वेळी प्रत्येक पानाची खूण स्कॅन होताच काढायची आहे. उरलेली खतावण्यांची पाने इतकी ठिसूळ आहेत की ती पुन्हा काचेवर ठेवण्याचा धोका आम्ही घेणार नाही. ती संशयित यादीतच राहतील.